दहा फुटी खिडकीचा पडदा: रॉड, ट्रॅक की रोमन ब्लाइंड?

चार-पाच फुटांच्या खिडकीला दोन टोकांना दोन ब्रॅकेट ठोकले की काम झालं. आठ-दहा फुटांच्या पुढे तसं होत नाही. पाइप मध्ये वाकतो म्हणून तिसरा ब्रॅकेट लागतो, आणि तो लागला की रिंगवाला पडदा त्याच्या पलीकडे सरकत नाही. म्हणजे दुकानात रंग आणि टोकाच्या शोभेच्या टोप्या बघण्याआधी एक प्रश्न सोडवायला हवा: मधल्या ब्रॅकेटचं काय करायचं? रॉड, ट्रॅक आणि घड्या पडत वर जाणारा रोमन ब्लाइंड ही याच प्रश्नाची तीन वेगवेगळी उत्तरं आहेत.

पुढचा सगळा हिशेब एका ठरावीक उदाहरणावर केला आहे. हॉलमधून गॅलरीत जाणारा काचेचा सरकता दरवाजा, चौकट १० फूट रुंद आणि ७ फूट उंच, पडदा जमिनीपर्यंत, जाड कापडाचा आणि अस्तर लावलेला. तुमची मापं वेगळी असतील, पण हिशेबाचा क्रम हाच राहील.

## आधी जमवून ठेवायचं सामान

- स्टीलची मोजपट्टी (किमान ५ मीटर), पेन्सिल, बारीक घट्ट दोरा
- पाण्याची लेव्हल नळी किंवा लेसर लेव्हल. एक फुटी स्पिरिट लेव्हल दहा फुटांसाठी पुरत नाही
- हॅमर ड्रिल, ६ आणि ८ मिमीचे काँक्रीटचे बिट
- ८ × ४० मिमीचे प्लॅस्टिक प्लग (कारागीर त्यांना गिट्टी म्हणतात) आणि ५० मिमी लांबीचे स्क्रू
- पक्की शिडी आणि पाइप धरायला दुसरं माणूस
- कापडाचं वजन, म्हणजे जीएसएमचा आकडा. दुकानदाराकडून मागून लिहून घ्या

## १. माप चौकटीचं नाही, रॉडचं घ्या

पडदा उघडला की त्याचा गठ्ठा कुठेतरी बसतो. तो काचेवर बसला तर तेवढा उजेड गेला आणि दरवाजाही अर्धवटच मोकळा झाला. म्हणून रॉड चौकटीच्या दोन्ही बाजूंना बाहेर काढतात. जाड पडद्याच्या तीन पॅनेलचा गठ्ठा साधारण फूटभर होतो. दोन्ही बाजूंना पूर्ण फूट मिळाला तर उत्तम, पण फ्लॅटमध्ये एका बाजूला कपाट आणि दुसरीकडे स्विचबोर्ड असतोच. आपल्या उदाहरणात दोन्हीकडे ८ इंच धरू. मग रॉडची लांबी ११ फूट ४ इंच, म्हणजे १३६ इंच.

रॉड चौकटीच्या वर ६ इंच, म्हणजे जमिनीपासून साडेसात फुटांवर. रुंदी तीन ठिकाणी मोजायची गरज नाही, पण जमिनीपर्यंतची उंची डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे अशी तीनदा मोजा. दहा फुटांत फरशीचा उतार पाव ते अर्धा इंच सहज निघतो, आणि गॅलरीच्या दारापाशी हमखास निघतो. शिवायला सर्वांत लहान माप द्या आणि पडदा फरशीपासून अर्धा इंच वर ठेवा.

आणखी एक अंतर बहुतेक जण विसरतात, ते भिंतीपासून पुढे येण्याचं. सरकत्या दाराचं हँडल, मच्छरदाणीच्या जाळीची चौकट, खिडकी असेल तर खालच्या ग्रॅनाइटच्या पट्टीचं नाक, यांतलं जे सर्वांत पुढे येतं त्याच्याही पुढे दोन इंच पडद्याची मध्यरेषा हवी. एकेरी ब्रॅकेट साधारण चार इंच पुढे येतो. दुहेरी ब्रॅकेटमध्ये मागे पातळ नेटचा पडदा आणि पुढे जाड पडदा असतो. तिथे पुढचा पाइप सहा-साडेसहा इंचांवर जातो. हे अंतर लक्षात ठेवा, वजनाच्या हिशेबात ते पुन्हा येणार आहे.

## २. पडद्याचं वजन काढा

वजन अंदाजाने सांगता येत नाही. दुकानात हातात धरलेला कापडाचा तुकडा हलका लागतो, शिवलेला सबंध पडदा हातात आला की कळतं.

साधं कापड ४८ इंच पन्ह्याचं, म्हणजे १.२२ मीटरचं येतं. रिंगच्या पडद्यात एका पन्ह्याचं एक पॅनेल धरतात आणि चुण्या पडून ते साधारण २२ ते २४ इंच जागा झाकतं. १३६ इंचांना सहा पॅनेल लागतील. पाचात भागवायचा मोह होतो, कारण एका पॅनेलचं कापड आणि शिलाई वाचते. पण मग बंद केलेला पडदा ताणलेल्या चादरीसारखा दिसतो.

सहा पॅनेलची एकूण रुंदी ७.३ मीटर. लांबी साडेसात फूट आणि वरखालच्या दुमडी मिळून २.६ मीटर. कापड झालं १९ चौरस मीटर. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं वजन ग्रॅममध्ये. जाड जॅकार्ड २५० जीएसएमचं धरलं तर पावणेपाच किलो. अस्तराला दुमडी कमी लागतात, ते साडेसतरा चौरस मीटर. २०० जीएसएमचं ब्लॅकआउट अस्तर साडेतीन किलो. रिंगा आणि शिलाईच्या पट्ट्या अर्धा किलो. एकूण पावणेनऊ, म्हणजे नऊ किलो धरून चाला.

तुलनेसाठी, ८० जीएसएमचा नेटचा पडदा याच मापात जेमतेम दीड किलो भरतो. त्यामुळे 'दहा फुटांना किती ब्रॅकेट' या प्रश्नाला एकच उत्तर नाही. वजन कळल्याशिवाय कोणी आकडा सांगितला तर तो सवयीने सांगितलेला असतो.

## ३. रॉड: मधला ब्रॅकेट चुकवता येत नाही

एक इंची स्टेनलेस पाइप, पत्र्याची जाडी ०.८ मिमी. दोन टोकांच्या ब्रॅकेटमध्ये १२८ इंच अंतर, म्हणजे सव्वातीन मीटर. पडदा नऊ किलो, पाइप स्वतः दीड किलोच्या वर. हे सगळं वजन सारखं पसरलंय असं धरलं तर मध्यावर झोळ येतो सुमारे ५ सेंटिमीटर, म्हणजे दोन इंच. हे दारातून आत येणाऱ्याला दिसतं, आणि दोन्ही बाजूंच्या रिंगा उतारावरून मध्ये घसरत राहतात. पडदा उघडून ठेवावा तर तो आपोआप मिटायला लागतो.

आता बरोबर मध्यावर एक ब्रॅकेट घाला. झोळ अंतराच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणून अंतर निम्मं झालं की झोळ सोळावा हिस्सा उरतो. पाच सेंटिमीटरचे तीन मिलिमीटर झाले. पाइप मध्ये न जोडता अखंड असेल तर त्याहूनही कमी. जाड पाइप घेऊन हाच फायदा मिळवायला गेलात तर पाइपाचा व्यास दुपटीहून जास्त लागेल, आणि मग त्यावर रिंग बसणार नाही. उलट स्वस्तातला पाऊण इंची पाइप घेतला तर तेवढ्याच अंतरात झोळ अडीच पटींच्या आसपास जातो. एकात एक सरकणारे लांब-आखूड होणारे रॉड दहा फुटांना घेऊच नका. ते नेमके सांध्यात, आणि बहुधा नेमके मध्यावर, वाकतात.

अंतराचा व्यवहारातला नियम असा: जाड अस्तराचा पडदा असेल तर एक इंची पाइपाला दोन ब्रॅकेटमध्ये साडेपाच फुटांपेक्षा जास्त अंतर ठेवू नका. नुसता नेटचा पडदा असेल तर सात फुटांपर्यंत चालतं.

मधला ब्रॅकेट आला की पडदा दोन भागांत विभागला जातो. तीन पॅनेल डावीकडे, तीन उजवीकडे, मध्यातून उघडणारे. बहुतेक घरांत हेच हवं असतं, त्यामुळे रॉड चालतो. पण तुमचं दार फक्त डाव्या बाजूने उघडत असेल आणि सगळा पडदा उजवीकडे न्यायचा असेल, तर रिंगचा पडदा आणि साधा रॉड हे जमणार नाही. उघड्या तोंडाच्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या रिंगा आणि त्यांना जुळणारे खालून आधार देणारे ब्रॅकेट मिळतात. पण ते दोन्ही एकाच संचातले असावे लागतात, नाहीतर दर वेळी काठीने ढकलावं लागतं.

### चौदा फुटांचा सापळा

खिडकी चौदा फुटांची असली की कारागीर चार ब्रॅकेट सारख्या अंतरावर लावून देतो. पाइप सरळ राहतो, दिसायलाही छान. पण मधल्या दोन ब्रॅकेटमध्ये अडकलेली पॅनेल कुठेच जाऊ शकत नाहीत. मधला साडेचार फूट पडदा कायमचा खिडकीसमोर. बारा फुटांच्या पुढे जाड पडदा असेल तर रॉडचा विचार सोडा आणि थेट पुढच्या पायरीवरच्या ट्रॅककडे या.

### रिंगांच्या बारीकसारीक गोष्टी

एका पॅनेलला रिंगांची संख्या सम हवी, आठ किंवा दहा. विषम असली तर एका टोकाची कडा भिंतीकडे आणि दुसरी खोलीकडे वळते. रिंगेचं आतलं तोंड पाइपापेक्षा किमान १० मिमी मोठं असावं. एक इंची पाइपाला दीड इंची तोंडाची रिंग बरोबर. शेवटची रिंग टोकाच्या ब्रॅकेटच्या बाहेर, ब्रॅकेट आणि टोपीच्या मध्ये अडकवा. त्यामुळे पडद्याची कड जागेवर राहते आणि बाजूने उजेडाची फट पडत नाही. त्यासाठी टोकाचा ब्रॅकेट पाइपाच्या टोकापासून चार इंच आत असावा. उदाहरणातलं १२८ इंच अंतर तसंच निघालं.

पाइप लिफ्टमध्ये मावला नाही म्हणून दुकानदार दोन तुकडे करून जोड देतो. चालेल, पण सांधा मधल्या ब्रॅकेटच्या खोबणीतच बसला पाहिजे. तिथून फूटभर बाजूला गेला तर काही महिन्यांत तिथे कोपरा दिसायला लागतो, आणि रिंगा त्यावर अडतात.

मुंबईत, कोकणात आणि गोव्यात खाऱ्या हवेमुळे आणखी एक काळजी. साध्या लोखंडावर मुलामा दिलेला पाइप आतून गंजतो आणि रिंगांच्या घासण्याने मुलामा उडाला की कापडावर तांबूस डाग येतात. स्टेनलेसमध्ये ३०४ प्रतीचा पाइप घ्या. दुकानात लोहचुंबक लावून 'बघा, चिकटत नाही' असं दाखवतात. पण स्वस्त २०२ प्रतीलाही चुंबक चिकटत नाही, त्यामुळे त्या चाचणीने या दोन प्रतींतला फरक कळत नाही. बिलावर प्रत लिहून घ्या.

## ४. ट्रॅक: मधले आधार भरपूर, अडथळा एकही नाही

ॲल्युमिनियमच्या ट्रॅकमध्ये, आपल्याकडचा नेहमीचा एम ट्रॅक धरा, पडदा ज्यांना अडकवतात ते सरकते तुकडे, म्हणजे रनर, आतून धावतात आणि ब्रॅकेट वरून किंवा मागून पकडतात. त्यामुळे कितीही ब्रॅकेट लावा, पडदा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोकळा जातो. पडदा एका बाजूला न्यायचा असेल, खिडकी बारा फुटांच्या पुढे असेल किंवा कोपऱ्यात वळण असेल, तर ट्रॅकला पर्याय नाही. दिसायला तो रॉडइतका देखणा नसतो. छतात पडद्याचा वरचा भाग लपवणारी पेल्मेटची खाच असेल तर हा प्रश्नच उरत नाही.

ट्रॅकचा छेद बारीक असतो, म्हणून ब्रॅकेट जवळजवळ हवेत. जाड पडद्याला जास्तीत जास्त २० इंच, नेटला दोन फूट. पण सगळे सारख्या अंतरावर लावणं ही इथली नेहमीची चूक. पडदा दिवसभर उघडा असतो, आणि उघडा असताना नऊपैकी साडेचार-साडेचार किलो दोन्ही टोकांच्या एकेक फुटात गोळा होतात. ट्रॅक मध्ये वाकत नाही, तो टोकाला खाली येतो आणि शेवटचा ब्रॅकेट भिंतीतून निघतो. म्हणून टोकाला दोन ब्रॅकेट जवळ लावा.

१३६ इंचांच्या ट्रॅकला डाव्या टोकापासून मोजलेल्या खुणा अशा: ३, १३, ३१, ४९½, ६८, ८६½, १०५, १२३ आणि १३३ इंच. एकूण नऊ. टोकाच्या जोड्यांत अंतर १० इंच, बाकी १८ ते साडेअठरा. मध्ये दारावरच्या काँक्रीटच्या तुळईतली, म्हणजे लिंटेलमधली सळी लागली आणि भोक सरकवावं लागलं तर इंच-दोन इंच सरकवा, फरक पडत नाही. टोकाच्या जोड्या मात्र सांभाळा.

रनर पडद्याच्या बंद रुंदीत दर चार इंचांना एक. एका पॅनेलला सहा, म्हणजे ३६. त्यात चार जादा घाला, आणि हे टोकाचं झाकण लावण्यापूर्वी करा. ट्रॅक वर चढल्यावर, शेजारी भिंत लागून असताना, एक रनर वाढवायचा म्हणजे अख्खा ट्रॅक उतरवायचा.

मध्यातून उघडणाऱ्या पडद्याला दोन मुख्य रनर असतात. त्यांची पुढे आलेली बोटं एकमेकांवरून जातात, त्यामुळे दोन्ही पडदे तीन-चार इंच एकमेकांवर येतात. रॉडवर हे शक्य नाही. तिथे मध्ये उजेडाची उभी रेघ राहतेच. पूर्वेकडे तोंड असलेल्या बेडरूममध्ये केवळ एवढ्या कारणाने ट्रॅक घ्यावा.

ट्रॅक अडायला लागला तर तेल घालू नका. तेलावर धूळ बसून दोन महिन्यांत आधीपेक्षा वाईट होतं. कोरड्या कपड्याने आतली खाच पुसा आणि सिलिकॉनचा स्प्रे मारा. एकाच ठिकाणी अडत असेल तर तिथे जोड आहे किंवा ब्रॅकेटचा स्क्रू जास्त आवळल्याने खाच आवळली आहे. अर्धा फेरा सैल करून बघा.

## ५. रोमन ब्लाइंड: रुंदी तोडूनच घ्या

गॅलरीच्या दाराला रोमन ब्लाइंड लावू नका. दर खेपेला सात फूट कापड साखळीने वर ओढावं लागेल. तो खिडकीचा माल आहे. म्हणून या पायरीपुरतं उदाहरण बदलू: १० फूट रुंद, ४ फूट उंच खिडकी, खाली सोफा किंवा ओटा.

दहा फुटांचा एकच ब्लाइंड बनवून द्यायला काही जण तयार होतात. बनतो, पण चालत नाही. यंत्रणा अशी असते: वर ॲल्युमिनियमचं बॉक्स, त्यात लांब दांडा, दांड्यावर दोरी गुंडाळणाऱ्या चकत्या, आणि एका टोकाला साखळीचा क्लच. क्लच एका टोकाला फिरतो आणि दांड्याला पीळ पडतो, त्यामुळे लांबच्या चकत्या किंचित मागे राहतात. ब्लाइंड वर जाताना खालची कड तिरपी होते. शिवाय कापडाचा पन्हा ४८ किंवा ५४ इंच, म्हणजे दहा फुटांत दोन उभ्या शिवणी आणि प्रत्येक शिवणीपाशी कापड थोडं ओढलेलं. एका ब्लाइंडची व्यवहारातली हद्द पाच ते सहा फूट.

दहा फुटांना पाच-पाच फुटांचे दोन किंवा ४०-४० इंचांचे तीन. हे खिडकीच्या पल्ल्यांवर ठरवा. तीन पल्ल्यांची सरकती खिडकी असेल तर तीन ब्लाइंड, म्हणजे दोन ब्लाइंडमधली अर्ध्या इंचाची फट ॲल्युमिनियमच्या उभ्या पट्टीसमोर येते आणि उजेड दिसत नाही. तीनचा आणखी फायदा म्हणजे ४० इंच कापड एकाच पन्ह्यात निघतं, शिवण नाही. इथे दोनदा विचार करायची गरज नाही, तीन घ्या. दोनच घ्यायचे असतील तर पाच फुटी बॉक्सचा हिशेब खाली दिला आहे.

वजन इथे कमी भरतं, कारण चुण्या नसतात. पाच फूट × चार फुटांच्या ब्लाइंडचं अस्तरासह कापड एक किलोच्या आत. फायबरच्या काड्या आणि खालची पट्टी धरून दीड किलो. बॉक्सला तीन ब्रॅकेट पुरतात: दोन टोकांपाशी आणि एक मध्ये. क्लचच्या बाजूचा ब्रॅकेट सर्वांत मजबूत हवा, कारण वजनापेक्षा साखळीला बसणारा झटका मोठा असतो. ब्रॅकेटची खूण करण्यापूर्वी बॉक्स उघडून चकत्या कुठे आहेत ते बघा. ब्रॅकेट चकतीच्या डोक्यावर आला तर दोरी घासून वर्ष-दीड वर्षात तुटते.

चकत्या दोन्ही कडांपासून तीन इंचांवर आणि मध्ये दर १८ इंचांना: ६० इंचांना चार. त्याहून लांब ठेवल्या तर दोन दोऱ्यांच्या मध्ये कापड हसऱ्या ओठासारखं लोंबतं. काड्या दर आठ ते दहा इंचांना. ब्लाइंड पूर्ण वर गेल्यावरही आठ-दहा इंचांचा गठ्ठा काचेवर उरतो. चार फुटी खिडकीत हे चांगलंच जाणवतं, म्हणून वर भिंत मोकळी असेल तर बॉक्स चौकटीच्या सहा इंच वर, बाहेरून लावा.

खालची कड तिरपी झाली तर कापड कापायला सांगू नका. ब्लाइंड पूर्ण खाली सोडा, खालच्या पट्टीतली दोरीची गाठ किंवा कळ सैल करा आणि सगळ्या दोऱ्या सारख्या ताणाच्या करा. ब्लाइंड रात्रभरात आपोआप खाली येत असेल तर दोष दोरीत नाही, क्लच वजनाला कमी पडतोय किंवा झिजलाय. तो बदलावा लागतो.

साखळीचा फास लहान मुलांच्या गळ्यात अडकू शकतो. साखळी ताणून धरणारी प्लॅस्टिकची पकड भिंतीला स्क्रूने लावून घ्या. ती पाकिटात येते आणि बहुतेक वेळा पाकिटातच राहते. सोफा किंवा दिवाण साखळीच्या खाली ठेवू नका.

## ६. भिंत तपासा, कारण पडदा भिंतीवर टांगलेला असतो

आता पुन्हा आपल्या दाराकडे आणि नऊ किलोंच्या पडद्याकडे. पडदा बंद असताना मधला ब्रॅकेट एकट्याने निम्म्याहून जास्त वजन घेतो: साडेदहा किलोंपैकी सुमारे साडेसहा. टोकाच्यांवर दोन-दोन किलो. पडदा उघडला की वजन टोकांवर, प्रत्येकी पाच किलो. म्हणजे तिन्ही ब्रॅकेट पक्के हवेत, वेगवेगळ्या वेळी.

साडेसहा किलो फार नाहीत. पण ते भिंतीपासून लांब टांगलेले आहेत. ब्रॅकेटची पट्टी लहान असते, वरच्या स्क्रूपासून खालच्या कडेपर्यंत जेमतेम दीड इंच. चार इंच पुढे टांगलेले साडेसहा किलो वरच्या स्क्रूला सुमारे सतरा किलोंच्या ताकदीने भिंतीतून उपटत असतात. दुहेरी ब्रॅकेटमध्ये साडेसहा इंच पुढे हीच ओढ अठ्ठावीस किलोंच्या घरात जाते, आणि मूल पडद्याला लोंबकळलं तर त्याच्या कितीतरी पट. म्हणूनच ब्रॅकेट नेहमी वरून सुटतो. पट्टीच्या वरच्या कडेपाशी केसाएवढी फट दिसली की स्क्रू निघायला लागलाय असं समजा, पडदा उतरवा.

ब्रॅकेटबरोबर येणारे स्क्रू २५-३० मिमीचे असतात. आतला गिलावाच १२-१५ मिमीचा. म्हणजे निम्मा स्क्रू नुसत्या गिलाव्यात, आणि उरलेल्यातली दोन-तीन मिलिमीटर पट्टीतच. ते स्क्रू बाजूला ठेवा. भोक ५५-६० मिमी खोल, ८ मिमीचं. प्लग गिलाव्याच्या मागे, विटेत किंवा काँक्रीटमध्ये पूर्ण बसला पाहिजे.

भोक पाडताना भुकटीचा रंग बघा. पांढरी म्हणजे अजून पुट्टी किंवा जिप्सम. करडी आणि बिट जड जाणारं म्हणजे काँक्रीट, सर्वांत चांगलं. तांबडी म्हणजे वीट, चालेल. करडी-पांढरी, पिठासारखी आणि बिट लोण्यात गेल्यासारखं म्हणजे एएसी ब्लॉक, सिमेंटचा हलका सच्छिद्र ठोकळा.

दाराच्या वर लिंटेल असतो, काँक्रीटचा. मधला ब्रॅकेट तिथे पक्का बसतो. अडचण टोकांना येते. लिंटेल चौकटीच्या दोन्ही बाजूंना सहा ते नऊ इंचच भिंतीत गेलेला असतो, आणि आपला टोकाचा ब्रॅकेट चौकटीच्या चार इंच बाहेर आहे. एकेरी रॉडचं हे ठीक जमतं. पण गठ्ठ्यासाठी रॉड फूटभर बाहेर काढला तर ब्रॅकेट आठ इंचांवर जातो, म्हणजे लिंटेलच्या अगदी शेवटच्या कडेवर किंवा विटेत. कडेवर भोक पाडलं तर काँक्रीटचा कोपरा फुटतो. इंचभर आत किंवा दोन-तीन इंच बाहेर सरका.

एएसी ब्लॉक असेल तर ड्रिलचा हॅमर बंद करून नुसत्या फिरण्यावर भोक पाडा, ७ मिमीचं, आणि एएसीसाठी मिळणारे लांब प्लग वापरा. साधा ४० मिमीचा प्लग तिथे फिरतच राहतो. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे १८ मिमी प्लायची साडेतीन इंच रुंद पट्टी, रॉडएवढी लांब, दर फुटाला लांब स्क्रूने भिंतीला लावायची, भिंतीच्या रंगात रंगवायची आणि ब्रॅकेट त्या पट्टीवर कुठेही लावायचे. जुन्या, भुसभुशीत भिंतींनाही हेच.

फॉल्स सीलिंगच्या जिप्सम बोर्डवर पडदा टांगू नका. बोर्ड साडेबारा मिलिमीटरचा, तो स्वतःचंच वजन पेलायला लावलेला असतो. सीलिंगचं काम चालू असतानाच पेल्मेटच्या खाचेत वर प्लाय टाकून घ्या. ते झालं नसेल तर ट्रॅक भिंतीवर घ्या.

आणि भोक पाडण्याआधी: एसीच्या पॉइंटपासून आणि स्विचबोर्डपासून सरळ वर किंवा आडवी वायर गेलेली असू शकते. त्या रेषेत दोन्ही बाजूंना चार इंच भोक पाडू नका.

## ७. खुणा आणि बसवणं

१. आधी दोन्ही टोकांच्या खुणा, लेव्हल नळीने. छताकडे बघून करू नका. रॉड छताच्या किंवा बीमच्या चार इंचांच्या आत असेल आणि बीमच तिरपा असेल, तर मात्र फरक अर्धा-अर्धा वाटून घ्या. एका टोकाला दोन आणि दुसऱ्याला अडीच इंच फट असली की लेव्हल बरोबर असूनही रॉड चुकल्यासारखा दिसतो.

२. टोकाचे ब्रॅकेट लावा, त्यांच्यावर दोरा घट्ट ताणा, आणि मधला ब्रॅकेट दोऱ्याला जेमतेम शिवेल असा लावा. तो वर बसला तर पाइपाला मध्ये उंचवटा येतो आणि मध्यावर जास्त वजन येतं. खाली बसला तर पाइप तिथपर्यंत झोळतो.

३. मधल्या ब्रॅकेटचं भिंतीपासून पुढे येणंही टोकांइतकंच आहे का बघा. दहा फुटांत गिलाव्याला पोट असतं. ब्रॅकेटच्या मागे प्लॅस्टिकची चकती घालून भरून काढा.

४. पडदा चढवण्याआधी प्रत्येक ब्रॅकेटला पाइप जिथे बसतो तिथे पाच लिटरचे दोन पाण्याचे कॅन पिशवीत घालून टांगा आणि रात्रभर ठेवा. दहा किलो झाले. सकाळी पट्टीच्या वरच्या कडेला कागद सरकत नसेल तर पडदा चढवा. सरकत असेल तर स्क्रू आणखी आवळू नका, त्याने प्लग आणखी फिरतो. भोक बदला किंवा जाड प्लग घाला.

५. पाइप ब्रॅकेटमध्ये बसल्यावर त्याचा बारीक स्क्रू आवळा, तिन्ही ठिकाणी. तो राहिला तर पडदा ओढताना पाइप रोज थोडा सरकतो आणि एक दिवस टोकाच्या ब्रॅकेटमधून निसटतो.

पहिल्या धुण्यानंतर एकदा वजन बघा. जाड पडदा यंत्रातून निघाल्यावर ओलाच रॉडवर वाळत घालायची पद्धत आहे, कारण सुरकुत्या जातात. पाणी धरलेलं कापड कोरड्याच्या दीडपटीच्या आसपास जाऊ शकतं. एकेरी रॉड, काँक्रीटमधले ब्रॅकेट असतील तर चालेल. ट्रॅकवर, दुहेरी ब्रॅकेटवर किंवा एएसीच्या भिंतीवर चालणार नाही. तिथे आधी दोरीवर निथळू द्या.